पाय कुठे टेकलाय ते आधी बघा: मक्तेदारीच्या आकृतीतला चुकीचा छेद कसा पकडायचा

मक्तेदारीचं उत्तर तपासायला घेतलं की नव्या शिक्षकाची नजर आधी वाक्यांवर जाते. ‘सीमांत प्राप्ती आणि सीमांत खर्च समान होतात तिथे नफा महत्तम असतो’ हे वाक्य जागेवर असतं, त्यावर बरोबरची खूण पडते, आणि शेजारच्या आकृतीत ठिपक्यांची रेघ भलत्याच छेदनबिंदूतून खाली उतरली आहे हे सुटून जातं. मी फोंड्याला बारावीच्या आणि बीकॉमच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. आमच्याकडे शिकवणं कोकणी-मराठीत आणि पेपर इंग्रजीत, त्यामुळे हे वाक्य मुलं मंत्रासारखं पाठ करतात. वाक्यावरून त्यांना काय कळलंय ते समजत नाही, आकृतीवरून समजतं. म्हणून मी उलट्या क्रमाने तपासते. आधी आडव्या अक्षावर ठिपक्यांच्या रेघेचा पाय कुठे टेकलाय ते बघते, तिथून वर चढते आणि वाक्यं सगळ्यात शेवटी वाचते.

हे नीट दाखवायला एकच उदाहरण घेते आणि शेवटपर्यंत तेच वापरते. एका लहान मासेमारी जेटीवर बर्फाचा एकच कारखाना आहे असं धरा. ट्रॉलरवाल्यांना दुसरीकडून बर्फ आणणं परवडत नाही, म्हणजे कारखानदार त्या जेटीपुरता मक्तेदार. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून बेतलेले आहेत, जेटीवर लादी खरोखर कितीला मिळते त्याच्याशी त्यांचा संबंध नाही.

```
मागणी (एआर)           P  = 80 − 2Q
सीमांत प्राप्ती (एमआर)    MR = 80 − 4Q
एकूण खर्च               TC = 144 + 20Q + Q²
सीमांत खर्च (एमसी)       MC = 20 + 2Q
सरासरी खर्च (एसी)        AC = 144/Q + 20 + Q
```

144 हा स्थिर खर्च, म्हणजे यंत्र आणि शेड यांचं ठरलेलं भाडं. बर्फ काढा न काढा, तो द्यावाच लागतो. (एसी म्हटलं की मागच्या बाकावर कुणीतरी थंडीने कुडकुडल्याचं सोंग करतं. बर्फाच्या कारखान्याचं उदाहरण घेतल्यावर तर हमखास.)

आता उत्तरपत्रिकांना हात लावण्याआधीचं काम. या आकृतीत रेघा एकमेकींना कुठेकुठे छेदतात ते सगळं स्वतः काढून एका कागदावर मांडून ठेवा. फक्त बरोबर उत्तर काढून गठ्ठा उघडू नका. चुकीचं उत्तर दिसल्यावर ते कुठून आलं हे कळलं पाहिजे, आणि त्यासाठी चुकीचे पत्तेही आधीच हाताशी लागतात. आपल्या कारखान्याचे पत्ते असे:

```
कोणता छेद            उत्पादन   किंमत   नफा
एमआर = एमसी            10       60     156
एमसी = एसी             12       56     144
एआर = एमसी             15       50      81
एआर = एसी              17.2     45.6     0
एमआर = 0               20       40    −144
```

हा कागद शेजारी ठेवला की निम्मं तपासणं तिथेच होतं. 15 दिसलं की मुलाने किंमतरेषा धरली, 12 दिसलं की सरासरी खर्चाचा तळ धरला. एआर आणि एसी खरं तर दोनदा छेदतात, अलीकडे 2.8 च्या आसपासही. पण तिथे कुणी उत्पादन वाचल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

पहिली पायरी रेघांची. एमआर बरोबर काढलाय का ते बघायचं. सरळ मागणीरेषा असेल तर एमआर त्याच उंचीवरून सुरू होतो आणि आडव्या अक्षाला निम्म्या अंतरावर टेकतो. इथे एआर 40 वर टेकतो, म्हणून एमआर 20 वर टेकायला हवा. एमसी हा एसीला त्याच्या सगळ्यात खालच्या बिंदूतच छेदला पाहिजे. मोकळ्या हाताने काढलेल्या आकृतीत दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर मी सोडून देते. पण एमआर हा एआरला समांतर काढला असेल, किंवा एमसी एसीच्या उतरत्या बाजूला कापत असेल, तर त्या आकृतीतला कुठलाच छेद विश्वासाचा नाही. तिथे पुढचं वाचन रेघांच्या नावांवरून करायचं, मोजपट्टीने नाही.

दुसरी पायरी पायाची. उत्पादन म्हणून जिथे खूण केली आहे तिथे पट्टी उभी ठेवा आणि त्या रेघेवर एमआर वर आहे की एमसी, एवढंच बघा. मुलाने 15 घेतलं असेल तर त्या उभ्या रेघेवर एमआर 20 वर आणि एमसी 50 वर दिसेल. म्हणजे शेवटची लादी काढायला 50 रुपये लागले आणि तिने प्राप्तीत भर घातली 20 ची. ती लादी काढायलाच नको होती. एमसी वर असेल तर उत्पादन जास्त झालंय, एमआर वर असेल तर कमी पडलंय. ही परीक्षा कुठल्याही आकृतीला लागू पडते आणि तिला आकडे लागत नाहीत.

आकडे दिलेले असतील तर मी एक पाऊल मागे टाकून बघते, आणि मुलांनाही तेच करायला लावते. 15 वर नफा 81. 14 वर किंमत 52, प्राप्ती 728, खर्च 620, नफा 108. एक लादी कमी काढून नफा वाढला, तेव्हा 15 ला महत्तम म्हणता येणार नाही. 10 वर हेच केलं तर 9 लाही नफा 153 आणि 11 लाही 153, दोन्हीकडे 156 पेक्षा कमी. असं दोन्हीकडे उतरतं तेच शिखर.

आता 15 येतं कुठून? मुलं आधी पूर्ण स्पर्धा शिकतात. तिथे किंमतरेषा आडवी असते, एआर आणि एमआर एकच असतात, आणि ‘एमसी किंमतरेषेला छेदतो तिथे’ हे उत्तर बरोबर असतं. मक्तेदारीत मागणीरेषा खाली उतरते, एमआर तिच्यापासून सुटून खाली येतो, पण मुलाचा हात जुन्याच रेघेकडे जातो. त्याला सूत्र पुन्हा सांगून काही होत नाही. एआर आणि एमआर वेगळे का झाले ते दाखवावं लागतं: अकरावी लादी विकायची तर किंमत 60 वरून 58 वर आणावी लागते, आणि ती पहिल्या दहा लाद्यांनाही लागते. नव्या लादीचे 58 आले, जुन्या दहांवरचे 20 गेले, हाती 38. हे 38 आणि 58 शेजारी शेजारी लिहून दाखवलं की पुढच्या वेळी हात थबकतो.

12 ची चूक जास्त हट्टी आहे, कारण तिच्यामागे सूत्र नसून समजूत आहे. मागच्या वर्षीची एक उत्तरपत्रिका मला चांगली आठवते. पेन्सिलीने काढलेली सुबक आकृती, एमआर अगदी निम्म्यावर, सगळं नेटकं. ठिपक्यांची रेघ 12 वर उतरलेली, पण कागद उजेडात तिरपा धरल्यावर 10 पाशी खोडरबराने घासलेली एक जुनी रेघ दिसत होती. मुलीने आधी बरोबर काढलं होतं आणि मग बदललं होतं. तिला बोलावून विचारलं, तर म्हणाली, “टीचर, खर्च सगळ्यात कमी तिथेच फायदा सगळ्यात जास्त ना? म्हणून पुसलं.”

ही समजूत बाजारात शोभेल अशीच आहे, त्यामुळे तिला खोडणं सोपं नाही. आणि आमच्या उदाहरणात ती फार महागही पडत नाही. 156 च्या जागी 144, म्हणजे चुकलेल्याला चटका बसत नाही. मी तिला दोन प्रश्न विचारले. 12 चं उत्तर आलं की तुम्हीही तेच विचारा.

पहिला: कारखानदाराच्या शेडचं भाडं 81 रुपयांनी वाढलं, तर तो किती लाद्या काढेल? स्थिर खर्च आता 225 झाला. एसीचा तळ 12 वरून सरकून 15 वर गेला, तिथे एसी 50 आणि किंमतही 50. तिने 15 सांगितलं. मग नफा काढायला लावला, तर आला शून्य. 10 वर काढला तर 75. भाडं वाढलं म्हणून एकाही लादीचा सीमांत खर्च बदललेला नाही, एमआर बदललेला नाही, तेव्हा छेद हलायचं कारणच नाही. नफा 81 ने घटला, उत्पादन होतं तिथेच राहिलं.

दुसरा प्रश्न उलट्या बाजूने. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत बर्फाला गिऱ्हाईक कमी, समजा मागणी घसरून `P = 50 − 2Q` झाली. आता किती लाद्या? एमसी आणि एसी जागचे हललेले नाहीत, म्हणून 12 धरणारा पावसाळ्यातही 12 च लाद्या काढणार. किंमत 26, प्राप्ती 312, खर्च 528, तोटा 216. एमआर मात्र खाली आलाय, आणि तो एमसीला 5 वर भेटतो: किंमत 40, प्राप्ती 200, खर्च 269, तोटा 69. कारखाना बंद ठेवला असता तर 144 चं भाडं तसंच अंगावर पडलं असतं, म्हणून 5 लाद्या काढणंच बरं. मुलगी बराच वेळ त्या 12 कडे बघत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे धक्क्यावर बोटच नाही, तरी माझा माणूस बर्फ काढत बसलाय.” बस, कळलं.

या दोन प्रश्नांची गंमत म्हणजे त्यांत खरा छेद आणि खोटा छेद एकमेकांच्या उलट वागतात. स्थिर खर्च हलवला तर खोटा हलतो, खरा स्थिर राहतो. मागणी हलवली तर खरा हलतो, खोटा तसाच. मुलाच्या डोक्यात नेमका कुठला आहे ते एका वाक्याच्या उत्तरात कळतं.

इथे माझीच एक फजिती सांगते. एका चाचणीला मी घाईत स्थिर खर्च 144 ऐवजी 100 ठेवला होता. सगळ्यांचं उत्तर 10 आलं, मी खूष. मग नमुना उत्तर लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की 100 वर एसीचा तळही 10 वरच येतो. तिथे एमआर, एमसी आणि एसी तिघे 40 च्या उंचीवर एकाच बिंदूत भेटतात. कुणी योग्य छेद वाचला आणि कुणी चुकीचा, हे त्या प्रश्नातून कळायची सोयच नव्हती. तेव्हापासून प्रश्न काढताना आधी तो पत्त्यांचा कागद करते आणि दोन पत्ते एकाच घरात राहत नाहीत ना, ते बघते. दुसऱ्याने काढलेल्या प्रश्नात असं झालेलं दिसलं, तर अंतिम आकडा न बघता कोणत्या दोन रेघांची नावं लिहिली आहेत ते बघूनच गुण द्या.

तिसरी पायरी किंमतीची. पाय बरोबर 10 वर टेकलेला असतो आणि तरी उत्तर चुकतं, ते इथे. मुलगा एमआर आणि एमसीच्या छेदापासून सरळ डावीकडे जातो आणि उभ्या अक्षावर 40 वाचून त्याला किंमत म्हणतो. छेदाने फक्त उत्पादन ठरतं. किंमत वाचायला त्याच उभ्या रेघेने आणखी वर, मागणीरेषेपर्यंत चढायचं आणि मग डावीकडे वळायचं, तेव्हा 60 मिळतात. ही चूक पकडायला सोपी आहे: 10 लाद्यांचा सरासरी खर्च 44.40, किंमत 40, म्हणजे 44 रुपये तोटा निघतो आणि नफ्याचा आयत उलटा पडतो. मुलं मग तो आयत रंगवून खाली गुपचूप ‘नफा’ लिहितात. मक्तेदाराला तोटा होऊच शकत नाही असं मात्र शेरा म्हणून लिहू नका, आत्ताच जुलैचा हिशेब पाहिला. इथे चूक तोटा दाखवण्याची नसून उंची वाचण्याची आहे.

आयताचा खालचा काठही बघून घ्या. तो 10 वरच्या एसीपाशी, म्हणजे 44.40 वर हवा. बरीच मुलं तो एसीच्या तळाला, 44 वर टेकवतात आणि नफा 160 काढतात. चार रुपयांची चूक, पण ती पुन्हा त्याच 12 वाल्या समजुतीची सावली असते. मी अर्धा गुण कापते आणि समासात ‘एसी कुठल्या उत्पादनाला?’ एवढंच लिहिते.

प्रश्न आकृतीऐवजी तक्त्याचा असेल तर वेगळाच घोळ होतो. तक्त्यात एक-एक लादीने पुढे गेलं की दहाव्या लादीचा एमआर 42 आणि एमसी 39, अकराव्याचा एमआर 38 आणि एमसी 41. दोन्ही समान असलेली ओळच नाही! मुलं मग घाबरून शेजारच्या स्तंभांत समान आकडे शोधतात, आणि एमसी व एसी कुठेतरी जवळ आलेले दिसले की तिथे थांबतात. त्यांना सांगायचं ते एवढंच की एमआर एमसीपेक्षा कमी नाही अशी शेवटची ओळ धरा. ती दहावी. आणि तक्त्यातला 38 आणि सूत्रातून अकराला येणारा 36 यांत फरक दिसला म्हणून मुलाला चूक ठरवू नका. तक्ता पूर्ण पावलाचा फरक मोजतो, सूत्र त्या बिंदूवरचा उतार.

एमसी इंग्रजी यू अक्षरासारखा काढलेला असेल तर एमआर त्याला दोनदा छेदू शकतो. डावीकडचा छेद एमसी उतरत असताना येतो आणि तिथे समानता असली तरी नफा नसतो. त्याच्या उजवीकडे लगेच एमआर वर जातो, म्हणजे पुढची प्रत्येक लादी फायद्याची असताना मुलगा थांबलेला असतो. इथेही पट्टीची तीच परीक्षा: पायाच्या किंचित उजवीकडे एमसी वर निघाला पाहिजे.

20 हे उत्तर क्वचित येतं. एमआर अक्षाला टेकतो तिथे प्राप्ती 800 रुपये, सगळ्यात जास्त, आणि नफा उणे 144. प्राप्ती आणि नफा यांची गल्लत झालेली असते. खर्च शून्य असेल तर मात्र तेच उत्तर बरोबर ठरतं. कूर्नोने 1838 साली मक्तेदारीचा हिशेब मांडला तो खनिज पाण्याच्या झऱ्याच्या मालकाचा होता, आणि पाणी काढायला त्याला काहीच खर्च नव्हता. केसरवाळच्या झरीवर कुणी एकट्याने गल्ला मांडून बसावं तसं. आपल्या कारखान्यात पहिल्याच लादीला वीस रुपयांवर खर्च आहे, तेव्हा 20 च्या उजवीकडे, किंवा 20 वरही, टेकलेला कुठलाही पाय न बघता चूक.

गुण देताना दोन गोष्टी सांभाळा. चूक एकदाच मोजा. 15 धरणाऱ्याने पुढे किंमत 50, सरासरी खर्च 44.60 आणि नफा 81 असं नीट ओढत नेलं असेल तर त्याचं उत्पादन चुकलं, किंमत-वाचन आणि आयत चुकलेला नाही. तुमच्या गुणपद्धतीत पुढच्या पायऱ्यांना वेगळे गुण असतील तर ते त्याला मिळाले पाहिजेत. आणि लाल पेन उचलण्याआधी प्रश्न पुन्हा वाचा. ‘समाजाच्या दृष्टीने कार्यक्षम उत्पादन किती’ असं विचारलं असेल तर 15 हेच उत्तर आहे, आणि 10 लिहिणारा चुकलाय. मक्तेदारीमुळे होणारी हानी विचारली असेल तर दोन्ही पाय लागतात: 10 आणि 15 यांच्यामधला, वर एआर आणि खाली एमसी असलेला त्रिकोण, पाया 5, उंची 60 वजा 40, म्हणजे 50 रुपये. मी एकदा अशा प्रश्नाच्या सात उत्तरपत्रिकांवर सवयीने 15 ला गोल करून ‘एमआर कुठाय?’ लिहिलं होतं. आठव्या मुलाने समजूतदारपणे त्रिकोणात ‘हानी’ असं लिहिलं होतं, म्हणून प्रश्न पुन्हा वाचला गेला आणि आधीचे सातही गठ्ठ्यातून परत वर काढावे लागले.